बिडी प्यायची जागा

प्रश्न: नवीन कामगारांसाठी चित्रांचं सेफ्टी प्रेझेंटेशन बनवायचं आहे, बऱ्याच जणांना वाचता येत नाही. किती स्लाइड ठेवू आणि चित्रं कुठून घेऊ?

चित्रं नेटवरून घेऊ नका. स्लाइडचं नंतर सांगतो.

मी हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सात हंगाम फिटर होतो. एका हंगामात नागपूरहून अडतीस स्लाइडचं प्रेझेंटेशन आलं, सगळीकडे लाल वर्तुळ आणि त्यात तिरपी रेघ. त्यातलं बिडीबंदीचं चित्र रुईच्या ढिगाजवळ लावायचं होतं. मेळघाटातून आलेल्या एका मावशीला मी सहज विचारलं, हे काय दिसते? म्हणाली, "बिडी हाय. इथं प्याची जागा असन." मग वीस जणांना विचारलं, तर चौघांचं तेच उत्तर! अमेरिकेच्या एएनएसआय या सुरक्षा-चिन्हांच्या मानकात असा उलटा, धोक्याचा अर्थ लावणारे पाच टक्क्यांच्या वर चालत नाहीत. म्हणजे विसात एक.

मॅनेजर म्हणाला, "अंगठे घेतले ना रजिस्टरवर? मग झालं."

नवव्या दिवशी एका पोराने डबल रोलर जिनमध्ये अडकलेला कापूस काढायला चालू मशीनमध्ये हात घातला. दोन बोटांची टोकं गेली. स्लाइडवर फक्त मनगटापासून पुढचा पंजा होता, वर फुली. दवाखान्यात तो म्हणाला, "तुटलेला हात दाखवला होता भाऊ, मले वाटलं कोणाच्या तरी ॲक्सिडेंटचा फोटो हाय." मॅनेजरने त्याला रजिस्टरवरचा त्याचाच अंगठा दाखवला. त्या दिवशी आमचं वाजलं ते वाजलंच.

पुढच्या हंगामात मी मोबाइलवर आमच्याच मशीनचे फोटो काढले. मेन स्विच बंद; कुलूप लावून किल्ली खिशात; रोलर पूर्ण थांबेस्तोवर मागे उभं राहायचं; मग लाकडी काडीने कापूस ओढायचा. चारही फोटोंत माणूस एकच आणि डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसणारा. वेगळी माणसं घेतली की लोकांना ती चार वेगळी कामं वाटतात. चुकीचं काम दाखवून त्यावर फुली मारायचीच नाही, लोकांच्या लक्षात फुली नाही, काम राहतं. गोदामाच्या उजेडात प्रोजेक्टरवर काही दिसत नाही, म्हणून फ्लेक्स छापून जिनजवळच टांगला. स्विच बंद केल्यावरही रोलर थोडा वेळ फिरतो, हे फोटोत येत नाही. ते मशीनपाशी नेऊनच दाखवावं लागतं.

"समजलं का?" विचाराल तर सगळे "हाव" म्हणतील. "आता करून दाखव" म्हणा.

स्लाइड आठ-दहा पुरे, एकीवर एकच गोष्ट. मशीन बदललं की फोटो नवे काढा. आणि हो, केमिकलचा कारखाना असेल तर ड्रमवरच्या ठरलेल्या खुणा टाळता येणार नाहीत, त्या वेगळं बसून शिकवा.

असं करून दाखवायला दहा जणांना तास लागतो. मॅनेजरचं म्हणणं होतं, तेवढ्या वेळात किती गाठी निघाल्या असत्या. मी रजिस्टरमध्ये अंगठ्याशेजारी "करून दाखवलं" असा रकाना आखला आणि तो भरल्याशिवाय कोणाला जिनवर उभं केलं नाही.