करणारा कोण?

सांगली, रविवार

बाळा,

परवा तू एका शेतकऱ्यासाठी लिहिलेला, परत आलेला अर्ज घेऊन ओट्यावर बसलास. त्यावरचा शेरा मला दाखवलास: 'अर्थबोध होत नाही, सुधारित अर्ज सादर करावा.' तू म्हणालास, "काका, एकही शब्द चुकलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले." ते खरंच होतं, मीही तपासले. सेवा केंद्रात दिवसाला तीस-चाळीस अर्ज करणाऱ्या पोराच्या मानाने तुझं शुद्धलेखन चांगलं आहे. पण तो शेराही खरा आहे. शब्द सगळे धड आहेत आणि वाक्यं अधांतरी आहेत. हे तोंडी सांगायला घेतलं आणि माझा आवाज चढला. म्हणून लिहितो.

तुझा मजकूर पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे समोर राहील.

'माझ्या शेतात विहीर असून. ज्यातून चार एकर उसाला पाणी दिले जाते. सोमवारी रात्री शेतातून परत येताना विजेचा खांब कोसळून विहिरीवरील मोटार जळाली. कारण केबल जुनी होती. वायरमनला फोन करून दोन दिवस आला नाही. तरी सदर नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मिळावी.'

आता पेन्सिल घे, पेन नको. जिथे जिथे क्रियापदाचं अर्धं रूप दिसेल, म्हणजे -ऊन, -ताना, -ल्यावर, -लेला, तिथे गोल कर. तुझ्या अर्जात असून, येताना, कोसळून, करून आणि पुन्हा करून, असे पाच गोल होतील. या रूपांना बहुधा स्वतःचा कर्ता दाखवता येत नाही. 'येतो' म्हटलं की पुरुष, 'येते' म्हटलं की बाई, 'येतात' म्हटलं की अनेक जण, हे शेपटीवरून कळतं. 'येताना' म्हटलं की काहीच कळत नाही. त्यामुळे वाचणारा पुढे बघतो आणि जो पहिला कर्ता भेटेल त्याच्या गळ्यात ती क्रिया घालतो. तुझ्या वाक्यात पुढे कोण भेटतं? खांब. म्हणजे सोमवारी रात्री खांब शेतातून परत येत होता.

म्हणून प्रत्येक गोलापाशी एकच प्रश्न विचार: करणारा कोण? येणारा कोण, फोन करणारा कोण, पंचनामा करणारा कोण? उत्तर त्याच वाक्यात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. गोलापासून त्या शब्दापर्यंत रेघ ओढ. रेघ ओढायला शब्दच सापडत नसेल किंवा रेघ भलत्याच माणसावर जात असेल, तर वाक्य मोडलेलं आहे. इथे 'मी' घातला की झालं: 'मी शेतातून परत येत असताना विजेचा खांब कोसळला.' तू म्हणशील, वाचणाऱ्याला कळतंच की. त्याला का कळावं? तो त्या शेतात आलेला नाही.

हे मी इतकं घट्ट धरून का बसलो, ते सांगतो. २००५ च्या पुरानंतर राजवाडा चौकातल्या माझ्या टेबलापुढे सकाळी सातपासून रांग लागायची. लाइट नव्हती, टाइपरायटर होता म्हणून काम चाललं. नदीकाठच्या एका गावातला मुलगा आला. त्याच्या वडिलांच्या दोन म्हशी वाहून गेल्या होत्या. मी टाइप केलं: 'पुरात वाहून गेलेल्या माझ्या वडिलांच्या दोन म्हशींची भरपाई मिळावी.' महिन्याभराने अर्ज परत आला. शेरा होता, वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडावा. वडील मुलाबरोबर आले होते, माझ्या टेबलाशेजारी उकिडवे बसले होते. त्या म्हाताऱ्याला मग कचेरीत टेबलापुढे उभं राहून सांगावं लागलं की मी जिवंत आहे. भरपाई मिळाली, पण तोवर दिवाळी उलटून गेली होती.

त्या दिवशी रांगेत माणसं किती होती, मला झोप किती होती, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. टेबलावरच्या माणसाने पुढची ओळ वाचायला हवी होती, हेही मी आजही म्हणतो. पण वाक्य माझं होतं. त्याने जे वाचलं ते त्या वाक्यात खरोखर लिहिलेलं होतं. त्या अर्जाची कार्बन कॉपी मी जपून ठेवली होती. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली तेव्हा ती पेटीसकट भिजली. ओळ मात्र मला अक्षरन् अक्षर पाठ आहे.

त्यात नेमकं काय चुकलं ते बघ, कारण हे तुझ्याकडून रोज होणार आहे. 'वाहून गेलेली म्हैस' म्हटलं तर -ली सांगते की म्हैसच गेली. 'वाहून गेलेले वडील' म्हटलं तर -ले सांगतं. पण पुढच्या नामाला प्रत्यय लागला, म्हशींची, वडिलांच्या, की सगळ्यांचं एकच रूप होतं: गेलेल्या. पुरुष, बाई, जनावर, एक, अनेक, सगळ्यांना 'गेलेल्या'. लिंग-वचनाचा आधार सुटला की उरते फक्त जागा. आणि जागेने पाहिलं तर 'गेलेल्या'च्या लगेच पुढे वडील बसलेत. अशा वेळी विशेषण पुढे-मागे सरकवत बसण्यापेक्षा वाक्य फोडावं: 'माझ्या वडिलांच्या दोन म्हशी पुरात वाहून गेल्या. त्या म्हशींची भरपाई द्यावी.' दोन शब्द जास्त झाले तर होऊ देत.

आता शेवटची ओळ, आणि इथे मला राग येतो, कारण ती मी स्वतः वर्षानुवर्षं टंकली. 'पंचनामा करून भरपाई मिळावी.' पंचनामा करणार साहेब, भरपाई मिळणार अर्जदाराला. एकाच वाक्यात एकाची क्रिया दुसऱ्याच्या गळ्यात. 'चौकशी करून न्याय मिळावा' हेही तसंच. सगळे असंच लिहितात, हे तू मला सांगू नकोस. सगळ्यांनी लिहिल्यामुळे ते खपतं, पण त्यामुळे ते नीट होत नाही. 'मिळावी'च्या जागी 'द्यावी' घाल आणि कोणी, कोणाला तेही घाल. 'साहेबांनी पंचनामा करून मला भरपाई द्यावी.' करणारा कोण? साहेब. देणारा कोण? तेच. एक शब्द बदलला, दोन घातले आणि वाक्य दोन पायांवर उभं राहिलं. शिवाय कोणी काय करायचं हे कागदावर आलं. 'मिळावी'मध्ये द्यायची जबाबदारी कोणावरच नव्हती.

वायरमनचं वाक्यही याच जातीचं आहे. 'फोन करून दोन दिवस आला नाही' यातून फोन वायरमनने केला असा अर्थ निघतो. -ऊन हे रूप सहसा दोन्ही क्रियांचा धनी एकच मागतं. 'दार उघडून मांजर आत आलं' म्हणजे दार मांजराने उघडलं. दार तू उघडलंस तर 'मी दार उघडल्यावर मांजर आत आलं' असं म्हणावं लागतं, कारण -ल्यावर दोन वेगळे धनी चालवून घेतं, -ऊन सहसा घेत नाही. तुझ्या वाक्यात 'मी फोन करूनही वायरमन दोन दिवस आला नाही' एवढं चालेल. 'मी' समोर आहे आणि 'ही'ने 'तरीसुद्धा'चं काम केलं.

पण म्हणून प्रत्येक -ऊन खोडत सुटू नकोस. 'खांब कोसळून मोटार जळाली' हे तुझं बरोबर आहे. कोसळणारा खांब तिथेच शेजारी बसला आहे, रेघ ओढता येते. 'पाऊस पडून पूर आला' तसंच. तिथे कोणी काही करत नाही, एक घडतं आणि त्याने दुसरं घडतं. आणि 'त्याला पाहून मला रडू आलं' हेही सरळ आहे. व्याकरणातला कर्ता 'रडू' असेल, पण पाहणारा मीच आणि रडणाराही मीच. प्रत्ययाकडे बघून घाबरू नकोस. करणारा कोण, एवढंच विचार.

राहिली अर्धी वाक्यं. ती वाचताना निसटतात, कारण आधीच्या वाक्याच्या जोरावर डोळा पुढे घसरतो. म्हणून शेवटच्या वाक्यापासून सुरू कर आणि वर वर वाचत ये, एकेक सुटं, मोठ्याने. 'ज्यातून चार एकर उसाला पाणी दिले जाते.' एवढंच कोणी दारात येऊन बोललं तर तू विचारशील, कशातून? 'विहीर असून.' असून काय? दोन्ही अर्धी आहेत आणि शेजारी शेजारी आहेत, म्हणून ती एकमेकांना जोड: 'माझ्या शेतात विहीर असून तिच्यातून चार एकर उसाला पाणी दिले जाते.' क्रियापद नाही म्हणून वाक्य अर्धं, असं मात्र समजू नकोस. 'हा माझा सातबारा' यात क्रियापद नाही आणि ते पूर्ण आहे. 'विहीर असून' यात क्रिया आहे आणि ते अर्धं आहे.

'कारण केबल जुनी होती' हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. बोलताना आपण 'कारण'ने वाक्य सुरू करतोच, या पत्रातही मी तसं अर्धं बोललो असेन. कारण कशाचं हे स्वच्छ असेल तर मी त्याला हात लावत नाही. इथे ते स्वच्छ नाही. केबल जुनी होती म्हणून खांब पडला, की केबल जुनी होती म्हणून मोटार जळाली? पहिलं असेल तर दोष वीज देणाऱ्याच्या लाइनीचा. दुसरं असेल, आणि ती केबल विहिरीवरची असेल, तर दोष अर्जदाराचाच निघेल आणि भरपाईचा प्रश्न तिथेच संपेल. मी वाक्य दोन्ही प्रकारे जोडून पाहिलं. दोन्ही जुळतात. याचा अर्थ तुलाही माहीत नाही, तू त्याने सांगितलं तसं उतरवलंस.

हे तू किंवा मी टेबलाशी बसून ठरवायचं नाही. उद्या केंद्र उघडण्याआधी त्या माणसाला फोन कर आणि केबल कुठली, खांबापासून मीटरपर्यंतची की मीटरपासून मोटारीपर्यंतची, ते विचार. मग अर्ज टाइप न करता हाताने लिहून, गोल आणि रेघांसकट, माझ्याकडे घेऊन ये. मी संध्याकाळी घरीच आहे.

तुझा
काका