मामांचे नऊ टक्के की पीपीएफचे ७.१?

*मी २५ वर्षांची आहे, नाशिकला नोकरी करते, पगार ३४ हजार. तीन महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवून माझ्याकडे एक लाख शिल्लक आहेत. मामा म्हणतात, "दुकानात घाल, वर्षाला ९ टक्के सरळव्याज देतो, पंधरा वर्षांनी सगळे एकदम घे." पीपीएफला तर ७.१ टक्केच मिळतात. शिवाय महिना पाच हजार वाचतात, पण मैत्रीण म्हणते, आत्ता कशाला? पस्तिशीत पगार वाढला की दहा हजार टाक, हिशेब सारखाच. काय करू?*

नमस्कार. आधी मामांचं बघू.

सरळव्याजात व्याज फक्त मुद्दलावर मिळतं. लाखावर वर्षाला ९ हजार, पहिल्या वर्षीही आणि पंधराव्या वर्षीही. पीपीएफमध्ये ३१ मार्चला व्याज खात्यात जमा होतं आणि १ एप्रिलपासून त्या व्याजावरही व्याज सुरू होतं. म्हणून पहिल्या वर्षी ७,१०० मिळाले तर दुसऱ्या वर्षी ७,६०४ मिळतात. सुरुवातीला फरक इतका किरकोळ असतो की माणूस फसतो. सात वर्षांपर्यंत मामाच पुढे राहतात: त्यांच्याकडे १ लाख ६३ हजार, पीपीएफमध्ये १ लाख ६१ हजार ६००. आठव्या वर्षी पीपीएफ पुढे जातं, आणि पंधरा वर्षांनी मामांकडून २ लाख ३५ हजार येतात तर पीपीएफमधून जवळपास २ लाख ८० हजार.

यात मामांचा दर कमी नाही, गोम "सगळे एकदम घे" या अटीत आहे. दरवर्षीचे तुमचे ९ हजार त्यांच्या दुकानात बिनव्याजी पडून राहतात. तेच दरवर्षी हातात घेऊन तुम्ही पीपीएफमध्ये भरलेत, तर पंधरा वर्षांनी मुद्दलासह सुमारे ३ लाख २८ हजार होतील. म्हणजे कागदावर मामांचा पर्याय सरस ठरेल. तरीही मी तो निवडणार नाही. दुकान अडचणीत आलं तर तुमच्याकडे तारण काहीच नाही, आणि भाचीने मामांकडे तगादा लावायचा म्हणजे घरात कायमची कटुता. पीपीएफला सरकारची हमी आहे आणि व्याज करमुक्त आहे.

आता मैत्रिणीचा हिशेब. दोघींनीही ५५व्या वर्षापर्यंत पैसे टाकले असं धरू. दर ७.१ टक्केच राहिला आणि रक्कम दर एप्रिलच्या सुरुवातीला एकदम भरली, असंही धरू. तुम्ही आजपासून वर्षाला ६० हजार भरले तर तीस वर्षांत खिशातून १८ लाख जातील आणि हातात सुमारे ६१ लाख ८० हजार येतील. पस्तिशीपासून वर्षाला १ लाख २० हजार भरले तर खिशातून २४ लाख जातील आणि येतील ५३ लाख ३० हजार. सहा लाख जास्त भरून साडेआठ लाख कमी.

हे कसं होतं, ते अकराव्या वर्षात डोळ्यांनी दिसतं. पहिल्या वर्षी तुमच्या ६० हजारांवर व्याज ४,२६० येईल, पासबुक बघून निराशाच वाटेल. पण दहा वर्षांनी खात्यात ८ लाख ९२ हजार असतील. त्यात अकराव्या वर्षाचे ६० हजार मिळवले की त्या वर्षाचं व्याज साधारण ६७,६०० होतं. म्हणजे तुम्ही टाकता त्याहून जास्त रक्कम खातं स्वतःच टाकायला लागतं. आज सुरुवात केलीत तर हा टप्पा पस्तिशीत येतो. पस्तिशीत सुरुवात केली तर, रक्कम दुप्पट असली तरी, तो पंचेचाळिशीत येतो, कारण हा टप्पा रकमेवर ठरत नाही, वर्षांवर ठरतो. तुम्ही टाळू पाहताय ती दहा वर्षं शेवटाकडची आहेत, जिथे वर्षाला लाखांनी व्याज जमतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. सरकार दर तिमाहीला हा दर ठरवतं, त्यामुळे वरचे आकडे म्हणजे वचन नव्हे. आणि तीस वर्षांनंतरचे ६१ लाख आजच्या भावाने खूपच कमी असतील. पुढे पगार वाढेल तशी वर्षाची रक्कमही वाढवत न्या. खातं मुळात पंधरा वर्षांचं असतं आणि नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. सातव्या आर्थिक वर्षापासून थोडी रक्कम काढता येते, त्याआधी हे पैसे अडकलेलेच समजा. येत्या दोन-तीन वर्षांत लग्नाला किंवा गाडीला लागणारे पैसे यात टाकू नका.

वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. म्हणून पहिल्या आर्थिक वर्षात तुमचे एक लाख आणि वर ५० हजार, एवढंच बसेल. दरमहा भरणार असाल तर ५ तारखेच्या आत भरा, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सर्वात कमी शिलकीवर मोजतात. ६ तारखेला भरलेल्या पाच हजारांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. पगार १ तारखेला होत असेल तर बँकेला ३ तारखेची कायमची सूचना देऊन ठेवा.