डीमर्जरमधून आलेल्या कंपनीचा जुना इतिहास कुठे मिळेल?

"नागपूरहून विचारतोय. बाबांच्या डीमॅटमध्ये रिलायन्ससोबत जिओ फायनान्शियलचे शेअर दिसतात, विकत तर घेतले नव्हते. ही कंपनी 2023 मध्येच जन्मली का?"

नाही. रिलायन्सने वित्तीय व्यवसाय वेगळा काढून आपल्याच एका उपकंपनीत टाकला आणि त्या बदल्यात रिलायन्सच्या भागधारकांना एकास एक शेअर मिळाले. 20 जुलै 2023 या रेकॉर्ड डेटला बाबांकडे रिलायन्सचे शेअर होते, म्हणून हे आपोआप आले.

ती उपकंपनी म्हणजे रिलायन्स स्ट्रॅटेजिक इन्व्हेस्टमेंट्स. तिचंच नाव बदललं. mca.gov.in वर कंपनीचा मास्टर डेटा उघडून CIN म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक बघा: MH नंतरचे चार आकडे 1999 आहेत. तेच नोंदणीचं वर्ष. शेअरचा चार्ट मात्र ऑगस्ट 2023 च्या लिस्टिंगपासूनच सुरू होतो, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते.

कोणता व्यवसाय, कोणती मालमत्ता कुठे गेली हे 'स्कीम ऑफ अरेंजमेंट'मध्ये सापडतं. एनसीएलटी या कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने मंजूर केलेली ही योजना बीएसईवर रिलायन्सच्या पानावर शोधा, नव्या कंपनीच्या नाही. त्याआधीचा हिशेबही रिलायन्सच्या जुन्या वार्षिक अहवालांतच मिळेल.

एक गोष्ट आताच तपासा. डीमॅटमध्ये खरेदी किंमत शून्य दिसत असेल तर ती चूक आहे. मूळ किंमत 95.32 आणि 4.68 टक्के अशी विभागायची: रिलायन्सचा शेअर 2000 रुपयांना घेतला असेल, तर 1906.40 रिलायन्सचे, 93.60 जिओचे. धारणकाळ मूळ खरेदीपासूनच मोजतात.