भजनाच्या व्हिडिओतला बेसूरपणा आवाज मशीनसारखा न करता कसा सुधारायचा?

प्रश्न: भजनाचा व्हिडिओ केलाय, काही ठिकाणी सूर उतरलाय. ऑटोट्यून लावला की आवाज यंत्रासारखा होतो. काय करू?

उत्तर: ऑटोमॅटिक ट्यूनिंग बंद ठेवा आणि फक्त खटकणारे सूर एकेक करून हाताने सुधारा, मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं. ऑटोमॅटिक करेक्शन प्रत्येक आवाज जवळच्या स्वरावर खेचतं, त्यामुळे मींडेच्या पायऱ्या होतात आणि आंदोलन सपाट होतं. यांत्रिकपणा येतो तो तिथूनच.

समजा, काळी पाचमध्ये गाताना ओळीच्या शेवटचा लांब पंचम ३० सेंट उतरलाय (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). मींड जिथे संपते आणि सूर स्थिरावतो, तिथे नोट कापा. मागची मींड तशीच राहू द्या, फक्त स्थिर भाग Pitch Center वापरून साधारण २० सेंट वर न्या. उरलेले १० सेंट सहसा कानाला खटकत नाहीत. Pitch Modulation ला हात लावू नका, गळ्याचा नैसर्गिक कंप त्यातच असतो. मग स्क्रीनकडे न बघता, त्याच पट्टीचा तानपुरा लावून ती ओळ ऐका. जोडावर सूर उडी मारल्यासारखा वाटला तर कापण्याची जागा थोडी सरकवा.

मात्र हे सगळं गळ्याचा ट्रॅक वेगळा असेल तरच. मोबाइलच्या एकाच माइकवर पेटीसुद्धा आली असेल, तर गळ्याबरोबर पेटीचा सूरही सरकतो आणि लगेच कळतं. अशा वेळी तेवढी ओळ पुन्हा गाऊन जोडलेली बरी. ओठ जुळत नसतील तर तिथे टाळ-पखवाजाचा शॉट टाका.