पावडरच्या व्हायलमध्ये पाणी घातलं, आता किती एमएल द्यायचं?

"जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये १० एमएल पाणी घातलं की १०० एमजी प्रति एमएल धरायचं असं वॉर्डात सगळे सांगतात. पण खोक्यातल्या कागदावर ९.६ एमएल घालायला सांगितलंय. गणितात कुठला आकडा घ्यायचा? उदाहरणासह सांगा."

कागद बरोबर आहे, आणि गणितात मात्र ९.६ही येत नाही. भागायचं ते पावडर विरघळल्यावर व्हायलमध्ये तयार झालेल्या एकूण द्रावणाने. पावडर विरघळली तरी ती जागा घेतेच. सेफ्ट्रायॅक्सोनची १ ग्रॅम पावडर साधारण ०.४ एमएल जागा खाते, म्हणून ९.६ एमएल पाणी घातलं की द्रावण १० एमएल होतं. १००० एमजी भागिले १० एमएल, म्हणजे १०० एमजी प्रति एमएल. हे एकदा मनात बसलं की पुढे सूत्र एकच उरतं: द्यायचे एमजी भागिले एका एमएलमधले एमजी.

समजा १२ किलोचं मूल आहे आणि डॉक्टरांनी किलोला ५० एमजी या हिशेबाने दिवसातून एकदा शिरेतून लिहिलंय. ५० गुणिले १२ म्हणजे ६०० एमजी. ६०० भागिले १००, उत्तर ६ एमएल. आता वॉर्डातल्या सवयीप्रमाणे १० एमएल पाणी घातलं असतं तर द्रावण १०.४ एमएल झालं असतं आणि एका एमएलमध्ये जेमतेम ९६ एमजी. त्यातलं ६ एमएल दिलं तर मुलाला सुमारे ५७७ एमजी मिळतात. चार टक्क्यांची तूट. मोठ्या माणसाला अख्खी व्हायल द्यायची असेल तर या फरकाने काहीच बिघडत नाही, कारण पाणी कितीही असलं तरी १ ग्रॅम पूर्ण जातो. म्हणूनच ही सवय वॉर्डात टिकून राहते. अर्धी किंवा पाव व्हायल द्यायची वेळ आली की ती अंगाशी येते.

खरी अडचण पाणी कमी घालताना होते. हेच औषध स्नायूत द्यायचं असेल तर १ ग्रॅमला ३.६ एमएल घालतात. द्रावण ४ एमएल होतं, म्हणजे २५० एमजी प्रति एमएल. त्याच मुलाचे ६०० एमजी म्हणजे २.४ एमएल. एवढं औषध लहान मुलाच्या मांडीत एका जागी द्यायचं नसतं, विभागून द्यावं लागतं. आता कुणी १००० ला ३.६ ने भागलं तर त्याला एका एमएलमध्ये २७८ एमजी दिसतात, तो २.१६ एमएल भरतो आणि मुलाला ५४० एमजीच मिळतात. पावडरीची जागा तीच ०.४ एमएल, पण आता तूट दहा टक्के. द्रावण जितकं घट्ट, तितकी चूक मोठी.

तान्ह्या बाळाला पेनिसिलिन देताना ही गोष्ट सर्वात जपावी लागते. बेंझाइलपेनिसिलिनची १० लाख युनिटची व्हायल, म्हणजे ६०० एमजी, हीसुद्धा साधारण ०.४ एमएल जागा घेते. बाळ ३ किलोचं, आदेश किलोला ५०,००० युनिट, म्हणून एका वेळचा डोस दीड लाख युनिट. २ एमएल पाणी घालून 'एका एमएलला ५ लाख' असं धरलं तर ०.३ एमएल भराल, पण द्रावण प्रत्यक्षात २.४ एमएल असल्यामुळे बाळाला सव्वा लाखच मिळतील. सहावा भाग गेला. १.६ एमएल घातलं तर हिशेब बरोबर येतो, तरी ०.३ एमएल नेमकं मोजायला १ एमएलची सिरिंज लागते. त्यापेक्षा बाळाला तेवढं पाणी चालणार असेल आणि कंपनीच्या कागदात बसत असेल, तर ९.६ एमएल घालून १० एमएल करणं मला जास्त पसंत आहे. एका एमएलला १ लाख, डोस १.५ एमएल. शून्यांचा घोळही कमी होतो, आणि युनिटच्या औषधांत तो घोळच जास्त होतो.

पावडरीची जागा कंपनीनुसार थोडी बदलते, म्हणून हे आकडे पाठ करू नका, हातातल्या व्हायलच्या कागदावरून घ्या. कुठल्याही वॉर्डात टाचणीने लावलेल्या जुन्या तक्त्यावरून तर मुळीच नको.

आता हाताचं काम. वरची प्लॅस्टिकची टोपी उडवली म्हणजे खालचं रबर निर्जंतुक झालं असं नाही, ते ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. ९.६ एमएल मोजायला १० एमएलचीच सिरिंज घ्या. तिच्यावर सहसा ०.२ एमएलच्या रेघा असतात, त्यामुळे ९.६ बरोबर रेघेवर येतं. पाणी थेट पावडरीवर न मारता व्हायलच्या आतल्या भिंतीवरून सोडा. पाणी आत गेलं की हवा दाबली जाते, म्हणून सुई काढण्याआधी ती हवा सिरिंजमध्ये परत येऊ द्या, नाहीतर सुई निघताना औषध फवाऱ्यासारखं बाहेर येतं आणि तुमचा १० एमएल तिथेच चुकतो. व्हायल तळहातांत फिरवा, जोरात हलवू नका. फेस झाला तर तो बसेपर्यंत ओढू नका, कारण सिरिंजमध्ये बुडबुड्यांनाच एमएल समजून मोजलं जातं. मग व्हायल उलटी करून खांद्याशी गोळा अडकलाय का ते बघा. तो राहिला तर उरलेलं द्रावण पातळ, आणि सगळं गणित फुकट. सेफ्ट्रायॅक्सोन फिकट पिवळसर दिसलं तर घाबरू नका. गढूळ दिसलं किंवा कण तरंगले तर टाकून द्या.

द्रव कोणता, हेही कागदावरच ठरतं. सेफ्ट्रायॅक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये कधीच मिसळायचं नाही, त्यातल्या कॅल्शियमबरोबर साका बनतो. आणि स्नायूसाठी लिग्नोकेनमध्ये विरघळवलेली व्हायल शिरेतून द्यायची नाही. सिरिंजवर औषधाचं नाव, एका एमएलला किती, कोणत्या मार्गाने आणि कधी बनवलं हे लिहिलं की ही गल्लत टळते.

शेवटचं उदाहरण मलेरियाच्या आर्टेसुनेटचं. ६० एमजी पावडर आधी सोबतच्या १ एमएल ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटमध्येच विरघळवायची, साध्या पाण्यात नाही, आणि स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं. मग शिरेतून द्यायचं असेल तर ५ एमएल सलाइन, स्नायूत द्यायचं असेल तर २ एमएल. बरेच विद्यार्थी इथे बायकार्बोनेटचा १ एमएल विसरतात आणि ६० ला ५ ने भागून १२ एमजी प्रति एमएल लिहितात. खरं द्रावण शिरेसाठी ६ एमएल, म्हणजे एमएलला १० एमजी, आणि स्नायूसाठी ३ एमएल, म्हणजे २० एमजी. इथे पावडर इतकी थोडी आहे की तिची जागा हिशेबात धरत नाहीत. ८ किलोच्या मुलाला (२० किलोखाली किलोला ३ एमजी) २४ एमजी लागतात, म्हणजे शिरेतून २.४ एमएल किंवा स्नायूत १.२ एमएल. तयार द्रावण एका तासात वापरायचं, उरलं तर पुढच्या डोससाठी ठेवायचं नाही. १२ तासांनी नवी व्हायल फोडावी लागते.