१५ पर्सेंटाइल म्हणजे १५ मार्क नव्हेत

प्रश्न: मुलगी ९ महिन्यांची आहे. जन्माला २.८, सहाव्या महिन्यात ६.४ आणि काल ७.३ किलो भरली. डॉक्टर म्हणाले १५ पर्सेंटाइलवर आहे, ठीक आहे. सासूबाई म्हणतात पोरगी वाळून राहिली. १५ म्हणजे खूपच कमी ना? ३ महिन्यांत १ किलोसुद्धा वाढली नाही.

उत्तर: मी नागपुरात एका बालरोग ओपीडीत नर्स आहे, रोज वजनकाट्यापाशीच उभी असते, त्यामुळे हे "१५ म्हणजे नापास का हो सिस्टर" दर आठवड्याला कानावर येतं.

असं समजा की ९ महिन्यांच्या १०० तब्येतीनं चांगल्या मुली वजनानुसार ओळीत उभ्या केल्या, सगळ्यात हलकी पहिली, तर तुमची साधारण पंधरावी येईल. बस एवढंच. वाढीच्या चार्टवरची ५० ची लाईन म्हणजे त्या ओळीचा मध्य, तिथे पोचायचंच असा काही नियम नाही, कोणीतरी पंधरावं असणारच ना. आणि हा चार्ट फॉरेनच्या पोरांचा आहे असंही सासूबाई म्हणतील, तर तसं नाही, डब्ल्यूएचओनं २००६ मध्ये काढला तेव्हा सहा देशांतली बाळं मोजली होती, त्यात आपल्या दिल्लीचीही होती.

आता तुमचे तीन ठिपके बघा. खाली वय, डावीकडे किलो, दोन्हीकडून बोट सरकवत आणा आणि जिथे भेटतील तिथे ठिपका (चार्ट मुलींचाच आहे ना ते आधी बघा, मुलांचा वेगळा असतो). जन्माचा २.८, सहाव्याचा ६.४, नवव्याचा ७.३, तिन्ही ठिपके १५ च्याच लाईनवर पडतात. पहिल्या ६ महिन्यांत ३.६ किलो आणि नंतरच्या ३ महिन्यांत फक्त ०.९ हे ऐकायला भीतीदायक वाटतं, पण ती लाईनच तिथे आडवी व्हायला लागते, सगळ्याच बाळांची वाढ या वयात मंदावते. पोरगी वाळून नाही राहिली, आपल्या रस्त्यानं चालून राहिली.

खरी भानगड कुठे असते ते सांगते, यात मी स्वतः चुकले होते. एक मुलगा ६ महिन्यांचा असताना ८.९ किलो, ८५ च्या लाईनवर, गुटगुटीत. नवव्या महिन्यात आला तेव्हाही ८.९. मी नुसता त्या दिवशीचा ठिपका बघितला, बरोब्बर ५० वर, आणि आईला म्हटलं एकदम छान, मधोमध आहे. डॉक्टरांनी दोन ठिपके पेनानं जोडले तर रेघ सपाट! ३ महिन्यांत वजन जागचं हललं नव्हतं, लाईन वर जात राहिली आणि पोरगं तिथेच. विचारलं तर मधे दोनदा जुलाब झालेले आणि वरचं खाणं म्हणजे वरणाचं पाणी नि दुधात बिस्किट. पाण्यानं पोट भरतं, वजन कशाला वाढेल. मग घट्ट वरण-भात, वरून तूप, अंडं असं सुरू केलं, बाराव्या महिन्यात ९.९ भरला. म्हणजे १५ वरची तुमची मुलगी ठीक आणि ५० वरचा तो मुलगा काळजीचा होता.

तरी प्रत्येक उतरण आजार नसते बरं का. पहिल्या दोन वर्षांत काही बाळं जन्माच्या लाईनवरून हळूहळू आईबाबांच्या बांध्याप्रमाणे वर-खाली सरकतात आणि मग तिथे टिकतात, अशा वेळी उंचीचा चार्टही बघतात. पण दोन मोठ्या लाईनी ओलांडून खाली आलं किंवा रेघ सपाट झाली, तर डॉक्टर कारण शोधतातच. आणि बाळ पोटात ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी, म्हणजे प्रीमॅच्युअर झालेलं असेल तर जितके आठवडे लवकर आलं तितके वयातून वजा करून ठिपका टाकायचा, नाहीतर उगीच खाली दिसतं.

घाबरायच्या आधी काटा तपासा. आपल्याकडे जानेवारीत स्वेटर, टोपी, पायात वाळे, भरलेला डायपर अशी पोरं काट्यावर येतात आणि मे मध्ये उघडी. त्यातच अर्धा किलो सहज इकडचा तिकडे होतो, आणि ९ महिन्यांच्या मुलीत १५ आणि ५० च्या लाईनीत फरकच मुळी ०.९ किलोचा असतो. तर दरवेळी त्याच काट्यावर, कपडे-डायपर काढून, आकडा स्थिर झाल्यावरच लिहून घ्या. रडून हातपाय झाडून राहिली असेल तर थांबा दोन मिनिटं.

वर्षाची होईल तेव्हा १५ ची लाईन ७.९ वर असेल. ७.८, ८ असं काही भरलं तर झालं. ७.३ च्या आसपासच राहिली तर मात्र ठिपका पार ३ च्या लाईनीजवळ जाईल, तेव्हा कार्ड घेऊन डॉक्टरांना दाखवा.