सिग्नलची फेरी 120 वरून 160 सेकंद केली तर चौक मोकळा होईल का?

प्रश्न: सांगली-मिरज रस्त्यावर आमच्या घराजवळ चार रस्त्यांचा चौक आहे. जवळपास दुसरा सिग्नल नाही. चारही बाजूंना एकामागून एक हिरवा मिळतो आणि पूर्ण फेरी 120 सेकंदांची आहे. संध्याकाळी रांगा लागतात म्हणून हिरवा वाढवून फेरी 160 करा, असा अर्ज सोसायट्या देणार आहेत. मी संध्याकाळी 6 ते 7 या तासात मोजणी केली. दुचाकी अर्धी धरून मुख्य रस्त्याच्या प्रत्येक बाजूने 735 आणि आडव्या रस्त्याच्या प्रत्येक बाजूने 378 गाड्या आल्या. प्रत्येक बाजूची रुंदी अनुक्रमे 7 आणि 6 मीटर. अर्जावर सही करू का?

उत्तर:

सही करू नका. तुमच्याच आकड्यांवरून दिसतं की फेरी कमी करायला हवी, 80 सेकंदांच्या आसपास.

आधी फेरीत वाया काय जातं ते पाहू. हिरवा लागल्यावर पुढच्या गाड्या हलेपर्यंत दोन-एक सेकंद जातात आणि पिवळ्याच्या शेवटी काही क्षण कोणीच जात नाही. एका बाजूमागे 4 सेकंद धरले तर चार बाजूंचे 16 सेकंद प्रत्येक फेरीत फुकट जातात, मग फेरी लहान असो की मोठी. फेरी 80 ची असेल तर उपयोगाचे 64 सेकंद उरतात, म्हणजे 80 टक्के. 160 ची असेल तर 144, म्हणजे 90 टक्के. फेरी दुप्पट करून चौकाची क्षमता एवढीच, आठव्या हिश्शाने, वाढते. ही वाढ तुम्हाला हवी आहे का, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी प्रत्येक बाजूला हिरव्यात जास्तीत जास्त किती गाड्या सुटू शकतात ते लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सिग्नलविषयक मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी 93 मध्ये, 5.5 मीटरहून रुंद रस्त्यासाठी सोपा अंदाज दिला आहे: रुंदी गुणिले 525, तासाला. मुख्य रस्त्याला 3675, म्हणजे सेकंदाला साधारण एक गाडी. आडव्याला 3150. येणाऱ्या गाड्यांना याने भागा. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 0.20, आडव्याच्या दोन्ही बाजूंना 0.12. चारांची बेरीज Y = 0.64, आणि वाया जाणारा वेळ L = 16. फेरी C किती सेकंदांची असावी यासाठी वेबस्टर या वाहतूक संशोधकाने 1958 मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेलं सूत्र आजही एकट्या चौकाला वापरतात:

```
C = (1.5 × L + 5) / (1 - Y)
  = (24 + 5) / 0.36 ≈ 80 सेकंद
```

यातला 64 सेकंदांचा उपयोगी हिरवा त्याच प्रमाणात वाटला की मुख्य रस्त्याला 20-20 आणि आडव्याला 12-12 सेकंद येतात.

आता दर गाडीमागे सरासरी किती खोळंबा होतो ते बघू. वेबस्टरच्याच सूत्राचं सोपं रूप असं आहे:

```
d = 0.9 × [ C(1-λ)² / (2(1-λx)) + x² / (2q(1-x)) ]
```

λ म्हणजे फेरीतला हिरव्याचा वाटा, x म्हणजे हिरव्याच्या क्षमतेपैकी किती वापरली गेली, आणि q म्हणजे सेकंदाला येणाऱ्या गाड्या. पहिला भाग लाल दिव्यापाशी थांबण्याचा. तो फेरीबरोबर वाढतच जातो. दुसरा भाग गाड्या कधी घोळक्याने तर कधी तुरळक येतात त्यामुळे होणाऱ्या खोळंब्याचा. फेरी फार लहान झाली की x एकच्या जवळ जातो आणि हा भाग झपाट्याने फुगतो.

तुमच्या आकड्यांवर चारही बाजूंची मिळून सरासरी अशी येते. फेरी 50 ची केली तर 62 सेकंद, 60 ला 38, 80 ला 36, 100 ला 40, आजच्या 120 ला 44 आणि 160 ला 55. तळ सपाट आहे, त्यामुळे 80 ऐवजी 90 ठेवली तरी बिघडत नाही. पण 50 आणि 160 या दोन्ही टोकांना चौक बिघडतो. 160 वर गेलात तर 80 च्या तुलनेत प्रत्येक गाडीमागे 19 सेकंद जादा जातील. तासाला 2226 गाड्या धरल्या तर हे जवळजवळ 12 तास होतात, आणि तेही रोज संध्याकाळच्या एकाच तासात.

हे लोकांना पटत नाही, कारण हिरवा वाढलेला डोळ्यांना दिसतो. म्हणून 160 च्या फेरीत मुख्य रस्त्याच्या एका बाजूला काय होईल ते बघा. लाल 115 सेकंद, त्यात साधारण 23 गाड्या साचतात. हिरवा 45 सेकंदांचा, पण ती रांग पहिल्या 29 सेकंदांत संपते. उरलेले 16 सेकंद पाच सेकंदाला एक अशा ताज्या गाड्या येऊन निघून जातात आणि बाकी तिन्ही बाजू उभ्या राहतात. 80 च्या फेरीत लाल 60 सेकंद, रांग 12 गाड्यांची, ती 20 पैकी 15 सेकंदांत सुटते. रांग निम्मी झाल्यामुळे डावीकडे वळणाऱ्यांची वाटही अडत नाही. मला हा फायदा सेकंदांच्या हिशेबाइतकाच मोठा वाटतो.

अर्जाआधी स्वतः खात्री करा. संध्याकाळी 15 मिनिटं एका बाजूला उभे राहा. हिरवा लागला त्या क्षणी रांगेत शेवटी असलेली गाडी पिवळ्याआधी पार होते का ते बघा. बहुतेक फेऱ्यांत ती अडकत असेल, तर माझा हिशेब चुकीच्या आकड्यांवर उभा आहे. बहुधा रिक्षा स्टँड, हातगाड्या किंवा कडेला उभ्या गाड्यांमुळे 7 मीटरचा रस्ता प्रत्यक्षात 5 चाच उरला असेल. तेव्हा कडेची जागा आधी मोकळी करून घ्या, सेकंदांचं नंतर बघू. उलट हिरव्याच्या शेवटी रस्ता रिकामा दिसत असेल, तर फेरी नक्कीच लांब आहे.

ऊसाच्या हंगामात मात्र गणित बदलतं. ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या हळू निघतात, त्यामुळे मुख्य रस्त्याची सुटण्याची गती घटते. तिथे 0.20 चं 0.25 झालं असं धरलं तर Y 0.74 होतो आणि सूत्र 110 सेकंद सांगतं. म्हणजे तुमची आजची 120 ची फेरी हंगामात फारशी चूक नाही, ती वर्षभर तशीच ठेवणं चूक आहे. ठरावीक वेळेच्या सिग्नलमध्येही तासानुसार वेगवेगळ्या योजना भरता येतात, तेव्हा अर्जात तेच मागा: हंगामाची संध्याकाळ, एरवीची संध्याकाळ आणि दुपार. दुपारी गाड्या निम्म्या असतील तर सूत्र 43 सेकंदांवर येतं, पण तिथे पायी चालणाऱ्यांचा विचार आधी करावा लागतो. सेकंदाला 1.2 मीटर चाल धरली तर दुभाजकासह 15 मीटरचा रस्ता ओलांडायला साडेबारा सेकंद लागतात. त्यांना एवढा सलग वेळ मिळेल याच्या खाली कोणतीही फेरी नेऊ नये.

सूत्राची एक मर्यादा. एकटा चौक म्हणजे गाड्या मनमानी क्रमाने येणारा चौक. तुमच्याकडे जवळ सिग्नल नाही म्हणून ते लागू पडतं. उद्या पाचशे मीटरवर दुसरा बसला तर गाड्या थव्याने येतील आणि दोन्हींच्या फेऱ्या जुळवाव्या लागतील. तसंच x एकपर्यंत पोचला की खोळंब्याचं सूत्र अनंत उत्तर देतं. अशा वेळी ते वापरायचं नाही, रांग किती वेळ वाढत राहते ते मोजायचं.

बदल झाला तर आधीचा आणि नंतरचा खोळंबा मोजून ठेवा. दर 15 सेकंदांनी एका बाजूला उभ्या असलेल्या गाड्या मोजा, सगळ्यांची बेरीज गुणिले 15 करा आणि तेवढ्या वेळात पार झालेल्या गाड्यांनी भागा. मात्र आजच्या 120 च्या फेरीत 15 वापरू नका. 120 ला 15 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याच क्षणांना मोजणी पडेल. तिथे 13 सेकंद घ्या आणि गुणतानाही 13 ने गुणा.